छपाईची दरवाढ आणि जुनी गिऱ्हाईके

लहान ऑफसेट प्रेसच्या दरवाढीमागे बहुतेक वेळा कागद असतो. मात्र कागद पंधरा टक्के महागला म्हणून छपाईचा दरही पंधरा टक्क्यांनी वाढवला, की हिशेबाचे जुने गिऱ्हाईक ते लगेच ओळखते. समजा, हजार लेटरहेडचा दर १,६०० रुपये आहे. त्यात कागदाचे ७००, प्लेटचे २००, छपाई आणि शाईचे ३००, कटिंगचे १०० आणि नफ्याचे ३०० रुपये आहेत. कागद पंधरा टक्क्यांनी चढला तर खर्च १०५ रुपयांनी वाढतो. म्हणजे नवा दर १,७०० च्या आसपास, वाढ साडेसहा टक्क्यांच्या घरात. एवढेच मागितले तर त्याचे कारण एका वाक्यात सांगता येते.

नियमित गिऱ्हाइकाला सवलत द्यायची असेल तर तीही याच हिशेबातून निघावी. बिलबुकाच्या पुन्हा येणाऱ्या कामाला डीटीपी नव्याने करावे लागत नाही. गोंद लावून उजेडापासून दूर ठेवलेली प्लेट चांगली राहिली असेल तर तीही पुन्हा चढते. नंबर तेवढे पुढचे घालायचे. तेव्हा रिपीट कामाचा दर तसाच ठेवला तरी प्रेसचे फारसे जात नाही. उलट शंभर-दोनशे प्रतींच्या नव्या कामात प्लेट, मशीन लावणे आणि सुरुवातीला वाया जाणारे कागद यांचा सगळा भार थोड्या प्रतींवर पडतो. वाढ तिथे जास्त असणे रास्तच.

जाहीर करण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. दर महिन्याला काम देणाऱ्यांना आधी फोन करावा, मग स्टेटस आणि इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकावी. ज्याने वर्षानुवर्षे काम दिले त्याला ही बातमी स्टेटसवरून कळू नये. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबून चालत नाही, कारण प्रेसचा नंबर ज्यांनी सेव्ह केलेला नाही त्यांना तो संदेश पोहोचतच नाही. मजकूर साधा असावा:

‘कागदाचे भाव वाढल्याने १ तारखेपासून लेटरहेडचा दर हजारी १,६०० ऐवजी १,७०० रुपये राहील. ३० तारखेपर्यंत आलेल्या ऑर्डरी आणि दिलेली कोटेशने जुन्या दरानेच पूर्ण होतील. बिलबुकाच्या रिपीट ऑर्डरचा दर बदललेला नाही.’

‘नाइलाजाने’, ‘क्षमस्व’ असली भर नको; तिने घासाघीस मात्र वाढते. तारीखही जपून निवडावी. तुळशीच्या लग्नानंतर लग्नपत्रिकांची गर्दी सुरू होते, आणि त्या गर्दीत दर बदलला तर अडवणूक केल्यासारखे दिसते.

काही प्रेस दर तोच ठेवून ८० जीएसएमऐवजी गुपचूप ७० जीएसएमचा कागद वापरतात. पातळ कागदावर मागची छपाई पुढे दिसू लागते, आणि आधीचे लेटरहेड शेजारी ठेवले की फरक हाताला कळतो. हाच पातळ कागद ‘जुन्या दरात हवा असल्यास’ म्हणून उघडपणे देऊ केला, तर तो गिऱ्हाइकाने स्वतः निवडलेला पर्याय ठरतो.