पातळ घड्याळ इतकं नाजूक का असतं? (भागाचं लिखित रूप)

मागच्या भागानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं: घरात एक जुनं, चावीचं, कागदासारखं पातळ घड्याळ आहे. टेबलावर ठेवलं की छान चालतं, हातात बांधलं की बंद पडतं. दुरुस्तीचा आकडा ऐकून घरच्यांनी ते पुन्हा कपाटात ठेवून दिलं. हा आकडा एवढा मोठा का असतो? आणि टेबलावर चालणारं घड्याळ हातावर का थांबतं? आज दोन्ही प्रश्न घेऊ, कारण त्यांचं उत्तर एकच आहे.

जाडी कुठून वाचवतात?

आधी अंदाज यावा म्हणून थोडे आकडे. ईटीए २८२४ हे अनेक ऑटोमॅटिक घड्याळांत बसणारं मशीन ४.६ मिलिमीटर जाड आहे. व्हॅशरॉन कॉन्स्टँटिनचं १००३ हे चावीचं मशीन फक्त १.६४ मिलिमीटर आहे. दोन एटीएम कार्डं एकावर एक ठेवली तर साधारण दीड मिलिमीटर होतात. म्हणजे स्प्रिंग, चाकं, बॅलन्स, सगळं मिळून जवळपास तेवढ्याच जाडीत बसवायचं.

नेहमीच्या मशीनची रचना सँडविचसारखी असते. खाली मुख्य प्लेट, वर ब्रिज, आणि मध्ये चाकं. प्रत्येक चाकाच्या आसाचं एक टोक प्लेटमध्ये, दुसरं ब्रिजमध्ये. जाडी कमी करायची तर पहिली गोष्ट म्हणजे वरचे मजले काढून टाकायचे. ऑटोमॅटिकचा फिरता रोटर गेला, तारीख गेली, मधला सेकंदकाटाही गेला. पातळ ड्रेस वॉचमध्ये बहुतेकदा दोनच काटे दिसतात ते नुसतं देखणेपण म्हणून नाही. तिसरा काटा म्हणजे आणखी एक थर.

दुसरी गोष्ट, चाकं एकावर एक न ठेवता शेजारी शेजारी पसरवायची. तिसरी गोष्ट खरी अवघड आहे. ज्या डब्यात मुख्य स्प्रिंग असते, त्या बॅरलला दोन्ही बाजूंनी आधार द्यायचा नाही, फक्त ब्रिजवरून लटकवायचं. खालचा आधार गेला की तेवढी जाडी वाचते. फ्रेडरिक पिगे कंपनीचं २१ नंबरचं मशीन असंच आहे. ज्या भागात घड्याळाचा सगळ्यात जास्त जोर साठलेला असतो, तोच भाग एका बाजूनं लोंबकळत असतो.

वाचवलेल्या जाडीची किंमत

आता जोराचा हिशोब बघा. मुख्य स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली पोलादी पट्टी. पट्टीची जाडी तीच ठेवून रुंदी निम्मी केली तर तिचा जोरही निम्मा होतो. पातळ मशीनमध्ये बॅरल बुटकं, म्हणून पट्टी अरुंद, म्हणून जोर मुळातच कमी. साध्या जाड घड्याळात तेल थोडं घट्ट झालं, एखाद्या दात्यात धुळीचा कण गेला, तरी स्प्रिंग तो अडथळा रेटून नेते. पातळ घड्याळाकडे तेवढा शिल्लक जोर नसतो.

दुसरा हिशोब मोकळ्या जागेचा. प्रत्येक चाकाला वर-खाली किंचित हलायला जागा लागते, नाहीतर ते अडकतं. ही जागा साधारण दोन-तीन शतांश मिलिमीटर असते, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. जाड मशीनची प्लेट दणकट असते, ती वाकत नाही. पातळ मशीनची प्लेट आणि केसचं पाठीमागचं झाकण दोन्ही पातळ. पट्टा घट्ट बांधला, मनगटाचा दाब झाकणावर आला आणि झाकण दोन-तीन शतांश मिलिमीटर आत गेलं, तर ती मोकळी जागाच संपते. चाक दाबलं जातं. घड्याळ थांबतं. पट्टा सोडला की पुन्हा चालू!

आपल्या श्रोत्याच्या घड्याळाचं असंच होत असण्याची शक्यता मोठी आहे. नक्की करायची एक पद्धत आहे. चांगला घड्याळजी झाकण लावून आणि झाकण काढून, दोन्ही स्थितींत मशीनवर घड्याळाची चाल बघतो. झाकण काढल्यावर बॅलन्सचा झोका एकदम वाढला, तर दोष चाकांत नाही, दाबात आहे. झाकण नसतानाही झोका कमीच असेल, तर तेल सुकलंय किंवा काहीतरी झिजलंय. लटकतं बॅरल झिजून तिरकं झालं असेल तर ते प्लेटला घासतं, आणि त्याच्या खाली चकचकीत गोल ओरखडा दिसतो.

टोक गाठलं तेव्हा काय झालं

हा खेळ किती ताणता येतो याचं उत्तम उदाहरण म्हणजे १९७६ सालचं जाँ लासाल १२००. जाडी फक्त १.२ मिलिमीटर! त्यासाठी त्यांनी ब्रिजच काढून टाकले. चाकं एकाच बाजूनं, बारीक बॉल बेअरिंगवर उभी केली. कागदावर हुशार कल्पना. पण प्रत्यक्षात मशीन इतकं नाजूक निघालं, की ते खोलून दुरुस्त करण्यापेक्षा पूर्ण मशीनच बदलून देणं सोपं पडायचं. जोवर बदली मशीन मिळत होती तोवर ठीक. ती संपली की घड्याळ फक्त दागिना.

पुढच्या पिढीनं वेगळा मार्ग धरला. २०१४ मध्ये पियाजेनं आल्टिप्लानो ९००पी काढलं. अख्खं घड्याळ ३.६५ मिलिमीटर. त्यात केसचं झाकण हीच मशीनची मुख्य प्लेट आहे, आणि चाकं डायलच्या बाजूला आली आहेत. काटेही ब्रिजपेक्षा खाली ठेवलेत, म्हणजे दाबानं काच आत वाकली तरी काट्यांना लागत नाही. मात्र केस आणि मशीन वेगळं होत नाही. म्हणजे केसला मोठा मार बसला तर तो थेट मशीनलाच बसतो, आणि काम बहुधा कंपनीकडेच पाठवावं लागतं.

आपल्याकडचं टायटन एज आठवलं असेल. २००२ मध्ये आलेलं, साडेतीन मिलिमीटरचं. पण ते क्वार्ट्झ आहे. त्यात मुख्य स्प्रिंगच नाही, बॅटरी आहे, त्यामुळे वरचा जोराचा हिशोब तिथे लागू होत नाही.

मग बिल एवढं का?

कारण पैसे वेळेचे आणि हाताचे असतात. प्रत्येक चाकाची मोकळी जागा वेगळी तपासायची. स्क्रूला धरायला आट्या मोजक्याच, जरा जास्त पिळला की प्लेटमधले आटे गेले. तेल थोडं कमी तर घर्षण, थोडं जास्त तर पसरून दुसऱ्या भागाला चिकटतं. काटे बसवताना ते एकमेकांना, डायलला आणि काचेला लागू नयेत म्हणून पुन्हा पुन्हा बघायचं. त्यात जुन्या मशीनचे सुटे भाग सहज मिळत नाहीत, मग एखादा आस नव्यानं कातून घ्यावा लागतो.

म्हणून असं घड्याळ दुरुस्तीला देताना भावाआधी तीन गोष्टी विचारा. हे मशीन याआधी हाताळलंय का? सुटे भाग कुठून आणणार? झाकण लावल्यावर आणि काढल्यावर, दोन्ही वेळची चाल दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला, तर घड्याळ परत खिशात घाला.

आणि तोवर? पट्टा एक भोक सैल बांधा. कधी कधी तेवढंही पुरतं. भेटू पुढच्या भागात.