मीठ ओले होते तिथे गोळ्या नकोत

मे 2024 च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाला कलम 144 लागू करावे लागले. कामगारांना सावली आणि पिण्याचे पाणी मिळावे, याची काळजी त्या आदेशात होती. घराघरांतही माणसे जपली गेली, कूलर लागले, खिडक्यांवर पडदे आले. मात्र त्याच घरांत कपाटावर, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा बाथरूमच्या आरशामागे रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या, हृदयाच्या गोळ्या तशाच पडून होत्या. त्यांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, '30 अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात, कोरड्या जागी ठेवा.'

वऱ्हाडात ही अट पाळायची कशी? एप्रिल-मे महिन्यांत स्लॅबच्या घरातील वरच्या मजल्यावर रात्रीही तापमान तिशीखाली येत नाही. पत्र्याच्या घरात तर विचारायलाच नको. पण सगळा दोष उन्हाचा नाही. औषधाचे अधिक नुकसान करते ती ऊन आणि ओल यांची जोडी, आणि त्यातली ओल बरेचदा आपणच घरात आणतो.

औषधाची मुदत कशी ठरते, हे आधी पाहू. बाजारात येण्यापूर्वी कंपनी औषध बंद वेष्टनात ठेवून तपासते. दीर्घकाळ 30 अंशांच्या आसपास ठेवले जाते आणि शिवाय सहा महिने 40 अंश तापमान व 75 टक्के आर्द्रतेत ठेवून ते किती टिकते, हे पाहिले जाते. म्हणूनच मेडिकलमधून घरी येईपर्यंत स्ट्रिप तासभर उन्हात राहिली, तर घाबरायचे कारण नाही. पण ही परीक्षा गोळीने एकटीने दिलेली नसते, ती वेष्टनासह दिलेली असते. अ‍ॅल्युमिनिअमची पन्नी फुटली, बाटलीचे सील निघाले किंवा गोळ्या काढून दुसऱ्या डबीत भरल्या, की छापलेल्या मुदतीचा आधार सुटला.

उष्णतेचा हिशेब साधारण असा असतो की तापमान 10 अंशांनी वाढले, तर औषध बिघडण्याचा वेग अंदाजे दुप्पट होतो. प्रत्येक औषधाचा वेग वेगळा असला, तरी या हिशेबाने 45 अंशांच्या खोलीत गोळीची एका महिन्यात होणारी झीज 30 अंशांतल्या अडीच-तीन महिन्यांएवढी असते. त्यात बाष्प मिसळले, की कित्येक औषधांचे रेणू पाण्याशी संयोग होऊन तुटतात. अ‍ॅस्पिरिन हे त्याचे ओळखीचे उदाहरण. ओल लागली, की अ‍ॅस्पिरिनचे विघटन होऊन सॅलिसिलिक आम्ल आणि व्हिनेगरमधले अ‍ॅसिटिक आम्ल तयार होते. जुन्या बाटलीचे झाकण उघडताच आंबूस वास येतो तो त्याचाच.

सगळ्याच गोळ्या अशी वर्दी देत असत्या, तर प्रश्न सोपा होता. पण अनेक गोळ्या दिसायला पांढऱ्याशुभ्र राहतात आणि आतून कमजोर होतात. थायरॉइडसाठी दिली जाणारी थायरॉक्सिनची गोळी अशीच आहे. तिला ऊन, ओल आणि प्रकाश हे तिन्ही सोसत नाहीत. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2007 मध्ये या गोळीसाठी नियम कडक केला. मुदत संपेपर्यंत तिच्यात लिहिलेल्या मात्रेच्या 95 ते 105 टक्के औषध असलेच पाहिजे, असे ठरवले. आधी ही सूट 90 ते 110 टक्के होती. काही टक्क्यांच्या फरकानेही रुग्णाचे गणित बिघडते, म्हणून हा बदल झाला.

एक उदाहरण घेऊ. अमरावतीत राहणाऱ्या 58 वर्षांच्या एका बाईंना रोज 75 मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे, असे समजा. फेब्रुवारीत त्यांचा टीएसएच 2.5, म्हणजे अगदी व्यवस्थित. एप्रिलच्या सुरुवातीला त्या 100 गोळ्यांची नवी बाटली उघडतात. सकाळी दात घासले, की उपाशीपोटी गोळी घ्यायची, म्हणून बाटली बाथरूममधल्या आरशाच्या कपाटात ठेवतात. विसरायला नको, हा हेतू चांगलाच. पण त्याच बाथरूममध्ये घरातली चार माणसे रोज आंघोळ करतात, दार बंद असते आणि वाफ कपाटात शिरते. बाटली रोज तिथेच उघडते आणि दर वेळी थोडी दमट हवा आत घेऊन बंद होते. ओल शोषणारी छोटी पुडी पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेलेली असते.

ही बाटली जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुरते. म्हणजे तिने नवतपाही पाहिला आणि पावसाळ्याची सुरुवातही. समजा, तोवर गोळीतले 20 टक्के औषध गेले. मग 75 ची गोळी प्रत्यक्षात 60 चे काम करते. बाईंना थकवा येतो, अंग जड वाटते, पाय सुजतात. जुलैत तपासणी होते आणि टीएसएच 9 निघतो. गोळी रोज घेता का, असे विचारल्यावर त्या खरे तेच सांगतात, 'एकही दिवस चुकली नाही.' मात्रा वाढवून 100 केली जाते.

धोका यापुढे आहे. हिवाळ्यात नवी बाटली येते, हवा थंड आणि कोरडी असते, गोळी पूर्ण ताकदीची असते. आता बाईंना गरजेपेक्षा जास्त औषध मिळते. छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणे सुरू होते. वयस्कर माणसाच्या हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि त्यातून पक्षाघातापर्यंत गोष्ट जाऊ शकते. आजार वाढलेला नव्हता, बाटलीची जागा चुकली होती.

अर्थात, टीएसएच वाढण्याची इतर कारणे जास्त आढळतात. गोळी चुकणे, लगेच चहा-नाश्ता घेणे, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी सोबत घेणे, हे आधी तपासायलाच हवे. पण ते सगळे नीट असेल, तर मात्रा वाढवण्याआधी 'बाटली कुठे ठेवता?' हा प्रश्न डॉक्टरांनी विचारावा आणि न विचारल्यास रुग्णाने स्वतः सांगावे. नवी बाटली योग्य जागी ठेवून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली, की उत्तर मिळते. मात्र मनाने मात्रा कमी-जास्त करू नये.

मग योग्य जागा कोणती? मीठ ती दाखवू शकते. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि ओलसर होते. औषधे ठेवता त्या जागी वाटीत चमचाभर साधे खडे मीठ ठेवा. दोन-तीन दिवसांत त्याला पाणी सुटले, तर ती जागा गोळ्यांसाठी नाही. बारीक, मोकळ्या राहणाऱ्या मिठात गुठळ्या न होण्याचे द्रव्य असते, त्यामुळे ते या कामी फसवू शकते.

ही वाटी बाथरूममध्ये आणि मोरीजवळ लवकर ओली होईल. पावसाळ्यात स्वयंपाकघरातही होईल. आणि भर मे महिन्यात कूलरसमोरही ती ओली झालेली दिसू शकेल. वऱ्हाडातला उन्हाळा कोरडा असतो, पण कूलर पाण्याची वाफ करूनच खोली थंड करतो. खिडक्या बंद असतील, तर ती ओल आतच साचते. म्हणून कूलरच्या खोलीत औषधे ठेवायला हरकत नाही, पण झोताच्या बाजूला आणि घट्ट झाकणाच्या डब्यात. माठाशेजारचा गारवाही गोळ्यांच्या कामाचा नाही.

बहुतेक घरांत खालच्या मजल्यावरची आतली खोली, पश्चिमेची भिंत सोडून असलेल्या कपाटाचा खालचा कप्पा, ही बरी जागा ठरते. कप्पा लहान मुलांच्या हाती लागणारा असेल, तर त्याला कुलूप हवे. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये किंवा बाटलीतच राहू द्याव्यात, पुडीही आतच ठेवावी. फ्रिज हा उपाय नाही. पावसाळ्यात थंड बाटली बाहेर काढून उघडली, की हवेतले बाष्प आत शिरून गोळ्यांवर जमते. दुचाकीच्या डिक्कीत मात्र औषध दुपारभर कधीच ठेवू नये.

पातळ औषधांची गोष्ट थोडी वेगळी आहे. साध्या खोकल्याच्या सिरपला फ्रिज लागत नाही. गारव्याने त्यात साखरेचे खडे होतात. पण लहान मुलांचे अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक आम्लाचे औषध पावडर म्हणून मिळते आणि घरी उकळून गार केलेल्या पाण्याने बाटलीवरच्या खुणेपर्यंत भरावे लागते. पाणी घातले, की त्याची छापील मुदत संपली आणि सात दिवसांची नवी मुदत सुरू झाली. तेही फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. पाणी घातल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहावी. उरलेले औषध पुढच्या तापासाठी जपून ठेवले, तर मुलाला गोड पाणी मिळते आणि जंतुसंसर्ग तसाच वाढतो.

बिघडलेले औषध डोळ्यांनी, नाकाने आणि बोटांनी काही प्रमाणात ओळखता येते. गोळीवर तपकिरी ठिपके येणे, ती फुगणे, चिरणे किंवा दाबताच भुगा होणे, कॅप्सूल एकमेकांना चिकटणे, सिरपचा रंग बदलणे, बाटली उघडताना वायू सुटणे किंवा तोंडाशी बुरशी दिसणे, या खुणा दिसल्या, की औषध वापरू नये. तापाच्या औषधाचा साका नीट हलवूनही तळाशी घट्ट बसून राहिला, तर वरचा चमचा पातळ आणि शेवटचा अति तीव्र जातो. तेही टाकून द्यावे. वासाबाबत एक अपवाद लक्षात ठेवावा. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनला मुळातच माशासारखा वास असतो, तेवढ्याने ती बिघडली असे समजू नये.

बिघडलेले औषध सहसा विष होत नाही, ते निकामी होते. टेट्रासायक्लिन हा जुना अपवाद. मुदत उलटून गेलेल्या त्या औषधाने मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे 1963 मध्ये नोंदली गेली. पण हृदयासाठी, मिरगीसाठी किंवा थायरॉइडसाठी रोज घ्यायच्या गोळीच्या बाबतीत निकामी होणे हेच पुरेसे घातक आहे. त्या बहुधा रंग बदलत नाहीत, वासही देत नाहीत. म्हणून त्यांची पारख गोळीकडे पाहून करू नये, ती ठेवलेल्या जागेकडे पाहून करावी. बाथरूममध्ये उघडलेली आणि अख्खा उन्हाळा-पावसाळा तिथेच काढलेली बाटली चांगली दिसली, तरी बदलून घ्यावी आणि पुढच्या तपासणीला जाताना तसे डॉक्टरांना सांगावे.