कुर्ली, कल्ले आणि नऊ मिनिटं

आमच्या घरात एक बाजू मालवणची आणि एक पुण्याची. त्यामुळे कॅलिफोर्नियात आल्यावर कुर्ल्या हव्यातच हा हट्ट एका बाजूचा, आणि 'त्या तू साफ करणार असशील तर' ही अट दुसऱ्या बाजूची. पहिल्या दोन खेपांना आम्ही दोघेही नापास झालो. एकदा मांस पिठासारखं भुगभुगीत निघालं, एकदा दोरीसारखं चिवट. दोन्ही वेळा आम्ही दोष उकळण्याच्या वेळेला दिला. खरं तर दोन चुका अगदी वेगळ्या होत्या, आणि हे कळायला आम्हाला, दोन इंजिनिअर असूनही, बराच वेळ लागला.

इथे मिळते ती डंजनेस कुर्ली. आपल्या खाडीतल्या काळपट हिरव्या चिंबोरीपेक्षा पसरट, तपकिरी-जांभळी, आणि एकेक जवळजवळ दोन पौंडांची. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला हाफ मून बेच्या पिलर पॉइंट बंदरात हंगामात कोळी थेट होडीवरून जिवंत कुर्ल्या विकतात. गाभोळीवाली मादी मात्र शोधू नका. कॅलिफोर्नियात विक्रीसाठी फक्त नर पकडायची परवानगी आहे, तेही कवच सव्वासहा इंच रुंद असेल तरच. उलटी करून पाहिली की पोटावर दुमडलेली झाकणी दिसते, ती नराची अरुंद आणि निमुळती असते. घेताना हातात तोलून बघा. आकाराच्या मानाने हलकी वाटली तर ती नुकतीच कात टाकलेली असू शकते आणि आत मांसापेक्षा पाणीच जास्त निघतं. आपल्याकडे आमावास्या-पौर्णिमा बघून 'भरलेली' आणि 'पोकळ' ठरवतात, इथे आम्ही तळहातावर ठरवतो.

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही तिथून तीन कुर्ल्या आणल्या. घरी यायला तासभर, वाटेत आणखी एक काम. बिचाऱ्यांना त्रास नको म्हणून आम्ही मोठ्या मायेने बादलीत नळाचं पाणी भरून त्यात त्यांना सोडलं होतं. घरी पोचलो तेव्हा दोन मेलेल्या आणि तिसरीचा एकच पाय हलत होता. समुद्राच्या प्राण्याला गोडं पाणी सोसत नाही, शिवाय साचलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो. कुर्लीचे कल्ले ओले राहिले तर ती पाण्याबाहेर, गारव्यात, काही तास सहज जगते. म्हणजे ओला वर्तमानपत्राचा कागद, तळाशी बर्फाच्या बंद पिशव्या आणि झाकण थोडं किलकिलं ठेवलेला कूलर, एवढंच पुरे होतं.

आम्ही तरीही त्या तिन्ही शिजवल्या (असं करू नये), आणि तेच ते पिठासारखं मांस. आईला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "मेलेली कुर्ली घरात हाडूची नाय." कारण तिने सांगितलं नाही, पण ते असं आहे. कुर्लीच्या पाठीच्या कवचाखाली पिवळसर पाचक ग्रंथी असते. कुर्ली मेली की तिच्यातले पाचक रस आजूबाजूच्या मांसात झिरपतात आणि ते मांसच पचवायला लागतात. जंतूही झपाट्याने वाढतात. तेव्हा मांस भुगभुगीत लागलं तर समजावं की चूक शिजवण्याआधीच झाली आहे. कमी उकळून किंवा जास्त उकळून ती सुधारत नाही. कधी मेली हे माहीत नसलेली कुर्ली सरळ टाकून द्यावी, पैसे गेले तरी.

यातूनच आमची पद्धत ठरली: मारायची आणि लगेच, त्याच पाच मिनिटांत, पोट साफ करायचं. इथले बरेच लोक अख्खी जिवंत कुर्ली उकळत्या पाण्यात टाकतात. ते आम्हाला बघवत नाही, आणि एक व्यवहारी कारणही आहे. घाबरलेली कुर्ली स्वतःचे पाय सांध्यातून सोडून देते, मग त्या भोकांतून पाणी आत शिरतं. म्हणून आधी तिला अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवायचं. पायाला टिचकी मारून बघा, काहीच हालचाल नसेल तर ती बधिर झाली. हलली तर आणखी दहा मिनिटं ठेवा. मग जाड ओल्या फडक्यावर उताणी ठेवून, झाकणी उचलून, पोटाच्या मधोमध डोक्यापासून शेपटीकडे जाणाऱ्या रेषेवर जड सुरी टेकवायची आणि सुरीच्या पाठीवर लाटण्याचा एक जोरदार घाव घालायचा. खालचं कवच फुटून सुरी आत गेली पाहिजे, पाठीपर्यंत आरपार जायची गरज नाही. नांग्यांवरचे रबर बँड तोवर काढू नका. पुण्याच्या बाजूने एकदा काढले होते, त्या बोटाची गोष्ट वेगळी.

आता झाकणी मुळापासून मोडून काढा. ती जिथे जोडलेली होती तिथे पाठीचं कवच आणि शरीर यांच्यामध्ये फट दिसते. एका हाताने एका बाजूचे सगळे पाय मुळाशी एकत्र धरा, दुसऱ्या हाताचा अंगठा त्या फटीत घाला आणि कवच मागून पुढे, डब्याचं झाकण उघडावं तसं उचला. कच्च्या कुर्लीचं कवच उकडलेल्यासारखं सहज निघत नाही, जोर लावावा लागतो. ओढण्यापेक्षा उचलण्यावर भर द्या, नाहीतर ते मधेच मोडतं.

कवच निघालं की दोन्ही बाजूंना राखाडी-पांढऱ्या, पिसांसारख्या मऊ पट्ट्यांची रांग दिसते. तेच कल्ले. इथे लोक त्यांना विषारी म्हणतात, तसं काही नाही. पण कुर्ली श्वास घेताना पाण्यातली माती-रेती त्यांत अडकते, आणि शिजल्यावर ते स्पंजासारखे चघळत राहतात. बुडाशी चिमटीत धरून एकेक पट्टी मागे ओढा, सहज सुटते. एखादी राहिली तर रश्श्यात दाताखाली येते आणि पाहुण्यांना ती नेमकी सापडते. मग पुढचे तोंडाचे कडक भाग मोडून टाका, आणि मधला पिवळा-हिरवा गर आणि पांढरी वेटोळी बोटाने काढून टाका.

इथे मालवणच्या बाजूला वाईट वाटतं, कारण कवचातला पिवळा गर म्हणजे चैन. पण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर काही वर्षी समुद्रातल्या शेवाळातून डोमॉइक अॅसिड नावाचं विष कुर्ल्यांत येतं. २०१५ च्या नोव्हेंबरात सुरू व्हायचा हंगाम त्याच्यामुळे इथल्या किनाऱ्यावर २०१६ च्या मार्चअखेरपर्यंत लांबला होता. हे विष मुख्यतः त्याच पिवळ्या गरात आणि आतड्यांत साठतं, आणि शिजवून नष्ट होत नाही. अख्खी कुर्ली उकळली तर त्यातलं थोडं पाण्यातही उतरू शकतं, म्हणून ते पाणी रश्श्याला वापरू नये. हंगाम उघडला म्हणजे तपासणी झालेली असते, तरी आम्ही गर खात नाही. आईला आम्ही हे सांगितलेलं नाही.

साफ झालेली कुर्ली बारीक धारेखाली अर्धं मिनिट धुवा. पाण्यात भिजत ठेवू नका, चव निघून जाते. मग मधल्या रेषेवर सुरीने किंवा नुसत्या हातांनी दोन भाग करा, प्रत्येक भागाला चार पाय आणि एक नांगा. नांगे आत्ता फोडू नका, नाहीतर उकळताना पाणी भरतं.

आता दुसरी चूक, चिवटपणाची. ही मात्र खरोखर वेळेची होती. आम्हाला मिळालेले सल्ले आठ मिनिटांपासून पंचवीस मिनिटांपर्यंतचे होते, म्हणून पुढच्या खेपेला आम्ही चाचणीच घेतली. जवळजवळ सारख्या वजनाच्या, दोन पौंडांच्या आतल्या दोन कुर्ल्या साफ केल्या, म्हणजे चार अर्धे भाग झाले. मोठ्या पातेल्यात सहा लिटर पाणी आणि पाऊण कप मीठ घेतलं. हे साधारण समुद्राइतकं खारट होतं, आणि तसंच हवं, कारण पाणी अळणी असेल तर मांसातलं मीठ बाहेर येतं. पाणी खळखळून उकळल्यावर चारही भाग टाकले. पाणी गार पडून उकळी थांबते, ती परत फुटली की घड्याळ लावलं.

सहा मिनिटांनी काढलेल्या भागात पायांचं मांस छान होतं, पण शरीराजवळच्या जाड सांध्यात ते काचेसारखं अर्धपारदर्शक होतं आणि कवचाला चिकटून बसलं. नऊ मिनिटांचा भाग उत्तम, मांस पांढरं, ओलसर, आणि पायातून अख्खं सरकन बाहेर येणारं. बारा मिनिटांचा थोडा घट्ट, तरी खाण्यासारखा. अठरा मिनिटांचा भाग आकसलेला, धाग्याधाग्याचा, आणि गंमत म्हणजे तोही कवचाला चिकटलेला. म्हणजे मांस चिकटलं एवढ्यावरून कमी शिजलं की जास्त हे कळत नाही, रंग आणि धागे बघावे लागतात. कवच नारिंगी होणं ही खूण अजिबात धरू नका, ते तर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच होतं आणि आत मांस कच्चं असतं. कुर्ली अख्खी, साफ न करता उकळली तर उष्णता आत पोचायला वेळ लागतो, तेव्हा दोन पौंडांना अठरा ते वीस मिनिटं लागतात. पंचवीस मिनिटांचे सल्ले बहुधा तिथूनच आले असावेत.

काढल्याबरोबर भाग बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवा, नाहीतर आतल्या उष्णतेने ते ताटात शिजत राहतात. आणि लगेच निथळा.

रस्सा करायचा असेल तर आधी उकळूच नका. आपल्याकडे 'मसाला मुरू दे' म्हणून कुर्ल्या अर्धा अर्धा तास शिजवतात, पण कवचातून मसाला आत जात नाही, फक्त मांस चिवट होतं. वाटण, तिरफळं, आमसुलं सगळं घालून रस्सा आधी पूर्ण होऊ द्या, चव जुळली की मगच कच्चे साफ भाग टाका, उकळी फुटली की झाकण ठेवून दहा मिनिटं. या वेळी नांगे मात्र हलकेच ठेचून टाकावेत, भेगांतून रस्सा आत जातो. गावाला बारीक पाय वाटून त्यांचा रस रश्श्यात घालतात, तसं डंजनेसच्या पायांचं करू नका. त्यांत भरपूर मांस असतं, वाटायला फार तर शेवटची टोकं घ्या.

राहता राहिलं कवच आणि कल्ले. ते सिंकच्या ग्राइंडरमध्ये जात नाहीत, आणि कचऱ्याच्या डब्यात दुसऱ्या दिवशीच शेजारी विचारपूस करायला येतात. आम्ही ते कागदात गुंडाळून, पिशवीत बांधून, कचऱ्याची गाडी यायच्या सकाळपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवतो. पिशवीवर मोठ्या अक्षरात 'उघडू नये' असं लिहून, कारण शेजारीच आइस्क्रीमचा डबा असतो.