वेळेत आणि पूर्ण: पुरवठादाराचा ओटीआयएफ

पुरवठादाराने माल वेळेत आणि पूर्ण दिला का, हे ओटीआयएफ या टक्केवारीतून कळते. हिशेब ऑर्डरच्या प्रत्येक ओळीचा असतो. ओळीवरचे नग आणि कबूल तारीख माल-आवक नोंदीशी, म्हणजे जीआरएनशी, ताडून पाहतात. माल हप्त्यांनी आला, तर कबूल तारखेपर्यंतच्या आवकीची बेरीज करतात.

समजा, 10 जूनपर्यंत 500 बोल्ट हवे होते. 9 तारखेला 300 आले, 12 तारखेला 200. नग भरले, तरी ओळ नापास. 60 टक्के गुण वगैरे मिळत नाहीत. 20 पैकी 17 ओळी उत्तीर्ण, तर ओटीआयएफ 85 टक्के.

खरी गडबड तारखांत होते. ट्रक 10 तारखेलाच फाटकावर येतो, पण गोदामात जीआरएन 12 ला बनतो आणि उशीर पुरवठादाराच्या माथी बसतो. म्हणून फाटकावरील नोंदीची तारीख धरणे न्याय्य. उलट, खरेदी विभागाने ऑर्डरमधली तारीखच पुढे ढकलली, की आकडा फुकट सुधारतो. त्यासाठी मूळ तारीख वेगळ्या रकान्यात जपावी लागते. आणखी एक फसगत म्हणजे यादी जीआरएनवरून काढणे. जो माल आलाच नाही त्याचा जीआरएन नसतो, त्यामुळे सर्वांत वाईट ओळीच हिशेबातून गळतात. सुरुवात ऑर्डरच्या ओळींपासूनच करावी लागते.