विश्लेषण : नफा ४ लाखांचा, मग कर साडेतीन लाखांवर कसा?

एका कंपनीने आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला १० लाखांचे यंत्र घेतले, असे समजू. ते १० वर्षे चालेल असे धरून हिशेबात दरवर्षी १ लाख घसारा लावला. प्राप्तिकरात मात्र घसारा यंत्राच्या उरलेल्या किमतीवर १५ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी दीड लाख मिळतो. घसाऱ्यापूर्वीचा नफा ५ लाख असेल, तर हिशेबी नफा ४ लाख आणि करपात्र नफा साडेतीन लाख होतो.

कराचा दर २५ टक्के धरल्यास प्रत्यक्ष भरायचा कर ८७,५०० रुपये, तर हिशेबी नफ्यावरील कर १ लाख. मधले १२,५०० रुपये वाचलेले नाहीत, पुढे ढकललेले आहेत. त्यामुळे ताळेबंदात ते ‘स्थगित कर दायित्व’ म्हणून दाखवतात. ही नोंद केली नाही, तर यंदाचा करोत्तर नफा तेवढाच फुगलेला दिसेल.

चौथ्या वर्षी प्राप्तिकरातील घसारा सुमारे ९२ हजारांवर उतरतो. तिथून करपात्र नफा हिशेबी नफ्याहून जास्त होतो आणि दायित्व कमी होऊ लागते. कायदा मोडल्याबद्दलचा दंड मात्र प्राप्तिकरात कधीच वजा होत नाही. तो फरक कायमचा असल्याने त्यावर स्थगित कर नसतो.