कॅमेऱ्याची वीज नेमकी कोणत्या तारांतून जाते?

फाटकावरच्या कॅमेऱ्याला किंवा छताला लावलेल्या वायफायच्या ॲक्सेस पॉइंटला हल्ली विजेची वेगळी वायर ओढत नाहीत. चित्र आणि इंटरनेट ज्या लॅन केबलमधून जातं, तिच्यातूनच वीजही जाते. 'पॉवर ओव्हर इथरनेट' म्हणजे पीओई ती हीच. तिचं पहिलं मानक 2003 साली आलं.

केबलमध्ये पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. आपल्याकडच्या नेहमीच्या रंगक्रमात नारिंगी जोडी पिन 1-2 वर, हिरवी 3-6 वर, निळी 4-5 वर आणि तपकिरी 7-8 वर बसते. 100 एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी पुरते. उरलेल्या दोन रिकाम्या राहतात. म्हणून वीज पाठवण्याच्या दोन पद्धती झाल्या. 'बी' पद्धतीत ती रिकाम्या जोड्यांतून जाते: निळी धन, तपकिरी ऋण. 'ए' पद्धतीत ती डेटाच्याच जोड्यांवर चढते, एका जोडीने जाते आणि दुसरीने परतते. तरी चित्र बिघडत नाही, कारण डेटा जोडीतल्या दोन तारांमधल्या फरकात असतो आणि वीज दोन्ही तारांवर सारखीच चढवलेली असते.

मानकानुसार कॅमेऱ्याला दोन्ही पद्धती चालाव्या लागतात. स्विच मात्र सहसा एकच पद्धत वापरतो, आणि घोटाळा इथेच होतो. समजा, वायरमनने एकाच केबलवर दोन कॅमेरे चालवले. एकाला नारिंगी-हिरवी दिली. दुसऱ्याची निळी-तपकिरी दोन्ही टोकांना 1-2 आणि 3-6 वर क्रिम्प केली. 'ए' पद्धतीच्या स्विचवर दोन्ही कॅमेरे बिनतक्रार चालतात. पुढे स्विच जळतो, त्याजागी 'बी' पद्धतीचा येतो आणि दोन्ही कॅमेरे बंद. तो वीज देतो 4-5 आणि 7-8 वर, आणि त्या पिनांवर तारच नाही. अशा वेळी कॅमेरा काढून आणा आणि आठही तारांच्या छोट्या पॅच कॉर्डने थेट स्विचला लावा. चालू झाला, तर दोष जोडणीत आहे. उपाय एकच, प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतंत्र केबल आणि आठही तारा. गिगाबिट ॲक्सेस पॉइंटला तर डेटासाठीच चारही जोड्या लागतात, तिथे ही वाटणी मुळातच जमत नाही.

आठही तारा जागेवर असल्या, तरी लांबी वीज खाते. पहिल्या मानकात स्विच 15.4 वॉट देतो, म्हणजे 44 व्होल्टला 0.35 अँपिअर. केबलचा जाण्यायेण्याचा रोध 20 ओहम धरला, तर सुमारे 2.45 वॉट वाटेतच उष्णतेत जातात आणि कॅमेऱ्यापर्यंत 12.95 पोहोचतात. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलचा रोध तांब्याच्या केबलपेक्षा बराच जास्त असतो. लांबवर लावलेला कॅमेरा दिवसा नीट चालत असेल आणि अंधार पडून त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत असेल, तर कॅमेरा बदलण्याआधी केबल तपासा.