नमुन्याला बसलो, सोफा दुसराच आला

सोफा हॉलमध्ये ठेवून टेम्पोवाले गेले आणि सासूबाई त्यावर बसल्या. दोन मिनिटांनी उठताना त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. "दुकानातल्या सोफ्यावरून मी एकटी उठले होते गं," त्या म्हणाल्या. त्यांच्या गुडघ्यांमुळे आम्ही मुद्दाम भक्कम सीटचा सोफा निवडला होता. शोरूममध्ये त्यांना बसवून, उठवून, पुन्हा बसवून पाहिलं होतं. हा मात्र खोल जात होता, आणि रंगही जरा फिका वाटत होता.

त्याच रात्री मी दुकानदाराला मेल लिहायला घेतला. "तुम्ही आमची घोर फसवणूक केली आहे" अशी सुरुवात करून पुढे मनस्ताप, म्हातारं माणूस, विश्वास असं सगळं लिहून काढलं. ग्राहक तक्रारींची कामं करणाऱ्या एका मैत्रिणीला तो मसुदा वाचून दाखवला. तिने एवढंच विचारलं, "यात सोफा कुठाय?" खरंच, सोफ्यात नेमका काय फरक आहे हे त्यात एका ओळीतही नव्हतं.

नमुना दाखवून माल विकला की तो नमुना सौद्याचाच भाग होतो, हे तिने मला समजावलं. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम १७ याच प्रकारच्या विक्रीबद्दल आहे. आलेला माल प्रतीने नमुन्यासारखा हवा आणि तो नमुन्याशी ताडून पाहायची वाजवी संधी गिऱ्हाइकाला मिळायला हवी, असं ते सांगतं. ऑर्डर फॉर्मवर मालाचं वर्णनही लिहिलेलं असेल, तर कलम १५ प्रमाणे माल दोन्हींशी जुळावा लागतो. आमच्या फॉर्मवर सेल्समनने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: "३+२, सीट फोम ४० डेन्सिटी." हा कागद हाताशी असताना मी मनस्तापावर दोन परिच्छेद लिहीत बसले होते.

डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. फोम मऊ की कडक, ही वेगळी बाब आहे. कमी डेन्सिटीचा फोमही नवा असताना कडक लागू शकतो. त्याचं खरं रूप पुढे सीटला खळगा पडला की कळतं. म्हणून "बसल्यावर वेगळं वाटतं" या तक्रारीला दुकानदाराचं उत्तर तयार असतं: "मॅडम, नवा आहे, बसून बसून सेट होईल." वजनाला मात्र असं उत्तर देता येत नाही.

आमच्या सीटच्या कुशनला मागे चेन होती. ती उघडून फोम बाहेर काढला आणि टेपने मोजला: ६० सेंटिमीटर लांब, ५० रुंद, साडेबारा जाड. तिन्हींचा गुणाकार ३७,५०० घन सेंटिमीटर, म्हणजे ०.०३७५ घनमीटर. याला ४० ने गुणलं की दीड किलो होतात, ३२ ने गुणलं की १ किलो २०० ग्रॅम. प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा घरात होता. पाचही ठोकळे एकेक करून त्याला टांगले, तर प्रत्येक १ किलो २०० च्या आसपास भरला. काट्यावरचा आकडा दिसेल असे फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये गेले, कारण नमुन्याचा सोफा कधीही विकला जातो आणि त्याच्याबरोबर तुलनाही जाते. त्याचंही कुशन उघडून तोलू द्या म्हटलं. सेल्समनने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मालकाकडे. मालक म्हणाले, "बघू द्या." त्याच मापाचा ठोकळा दीड किलो भरला. काही फोमवर पॉलिस्टरचा पातळ थर चिकटवलेला असतो आणि त्याचंही वजन काट्यावर येतं. म्हणून दोन्ही ठोकळे एकाच अवस्थेत तोलले आहेत ना, हे पाहावं. नमुना तोलू दिला नसता, तर तो नकार तारखेसह मेलमध्ये लिहायचा, असं मैत्रिणीने बजावलं होतं.

रंगाची तक्रार मात्र मी मागे घेतली. ऑर्डरच्या वेळी मिळालेला कापडाचा तुकडा खिडकीतल्या उजेडात सोफ्यावर ठेवला, तर रंग जवळपास तोच होता. फिकेपणा शोरूमच्या पिवळ्या दिव्यांमुळे वाटला होता. शिवाय बिलावर "रंगछटेत किंचित फरक संभवतो" असं छापलेलं होतं. कच्चा मुद्दा ठेवला असता, तर दुकानदाराने नेमक्या त्यालाच उत्तर दिलं असतं आणि फोम बाजूला राहिला असता.

मग मेल असा झाला:

"विषय: सोफा नमुन्याशी जुळत नाही, म्हणून स्वीकारलेला नाही (ऑर्डर क्रमांक व बिल क्रमांक)

महोदय,
३ तारखेला आपल्या शोरूममधला नमुना पाहून आम्ही ३+२ सोफा ५८,००० रुपयांना घेतला. ऑर्डर फॉर्मवर सीट फोम ४० डेन्सिटी असं लिहिलं आहे. सोफा २१ तारखेला घरी आला. त्याच्या पाचही कुशनमधला फोम ६० × ५० × १२.५ सेंमी मापाचा असून प्रत्येकी वजन सुमारे १.२ किलो आहे. म्हणजे डेन्सिटी सुमारे ३२ येते. २२ तारखेला आपल्यासमोर तोललेला नमुन्यातला त्याच मापाचा फोम १.५ किलो भरला. फॉर्म, बिल आणि वजनाचे फोटो सोबत जोडले आहेत.

हा माल आम्ही स्वीकारलेला नाही. आपण १० दिवसांत पाचही फोम नमुन्याप्रमाणे बदलून द्यावेत, अन्यथा सोफा परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी."

यातलं वजनदार वाक्य "स्वीकारलेला नाही" हे आहे. काही न कळवता वाजवी काळ माल ठेवून घेतला, तर कायद्याच्या दृष्टीने तो स्वीकारला असं होतं. मग सहसा माल परत करण्याचा हक्क जातो आणि फक्त भरपाई मागता येते. म्हणून मेल पहिल्या दोन-चार दिवसांतच जायला हवा. चलनावर "माल सुस्थितीत मिळाला" या ओळीखाली सही करताना "तपासणी बाकी" असं लिहिणं उत्तम. मी ते विसरले होते. नाकारलेला सोफा स्वतःच्या खर्चाने परत नेऊन देण्याचं बंधन मात्र, तसं ठरलं नसेल तर, गिऱ्हाइकावर नसतं. नाकारल्याचं कळवलं की पुरे.

दुकानदार गप्प राहिला तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. बिलात माल परत घेण्याची मुदत दिलेली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: "कारखान्याकडून चूक झाली, फोम बदलून देतो." आठवड्याने एक मुलगा पाच ठोकळे घेऊन आला. मी काटा काढलेला पाहून तो हसला आणि पहिला ठोकळा त्यानेच अडकवला. पाचही दीड किलोच्या घरात भरले. या वेळी चलनावर सही करताना मी शेजारी वजन लिहिलं. तोवर सासूबाई बसूनही झाल्या होत्या, आणि कोणाचा हात न धरता उठल्याही होत्या.